हेअर ट्रान्सप्लांटनंतर कलप कधी लावायचा?

ट्रान्सप्लांट करून घेणाऱ्यांमध्ये चाळिशी-पन्नाशीतले लोक बरेच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे कानशिलावरचे केस पांढरे झालेले असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया झाल्यावर पंधरा-वीस दिवसांतच प्रश्न येतो: आता कलप लावला तर चालेल का? थोडक्यात उत्तर असं की, एफयूई पद्धतीने, म्हणजे एकेक मूळ सुटं काढून केलेल्या ट्रान्सप्लांटनंतर किमान चार आठवडे थांबायचं. एफयूटी पद्धतीने, म्हणजे मागची कातडीची पट्टी काढून टाके घातले असतील, तर सहा आठवडे. आणि ही मुदत भरली तरी डोक्याची त्वचा पूर्ण सुकलेली नसेल तर आणखी थांबायचं.

हे आकडे बऱ्याच जणांना माहीत असतात, पण ते कशासाठी आहेत हे नीट कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मग "दहा दिवसांत मुळं धरली, आता काय होतंय" असं म्हणून लोक तेराव्या-चौदाव्या दिवशी कलपाचं पाकीट फोडतात. मुळं धरली हे खरं असतं. पण चार आठवडे थांबायचं ते मुळांसाठी नाही, त्वचेसाठी.

डोक्यावर नेमकी जखम किती असते

एफयूईमध्ये डोक्याच्या मागच्या भागातून साधारण ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पुढच्या टकलाच्या भागात तेवढ्याच बारीक चिरा पाडून हे ग्राफ्ट त्यात बसवतात. अडीच हजार ग्राफ्ट लावले म्हणजे मागे अडीच हजार भोकं आणि पुढे अडीच हजार चिरा. प्रत्येक जखम टाचणीच्या डोक्याएवढी, त्यामुळे एकेक पाहिली तर किरकोळ वाटते. सगळ्या मिळून मात्र ती तळहाताएवढी मोठी, चाळणी झालेली त्वचा असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक चिरेवर रक्त आणि लस सुकून तांबडी-तपकिरी खपली धरते. मागची भोकं आठवड्याभरात वरून मिटतात. पुढच्या खपल्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रोज हलक्या हाताने धुतल्या तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत गळून जातात. याच काळात मूळ आत घट्ट बसतं. पहिल्या पाच-सहा दिवसांत खपली ओढली तर तिच्याबरोबर अख्खा ग्राफ्ट निघून येऊ शकतो. नऊ-दहा दिवसांनंतर तसं सहसा होत नाही. "दहा दिवसांत मुळं धरतात" हे वाक्य इथून आलेलं आहे, आणि ते तेवढ्यापुरतंच खरं आहे.

खपली पडल्यावर खाली दिसते ती गुलाबी, थोडी चकचकीत त्वचा. जखम भरली असं वाटतं, कारण भोक बंद झालेलं असतं. पण त्वचेचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा जो थर बाहेरच्या गोष्टी आत शिरू देत नाही, तो अजून कच्चा असतो. नवी पेशी त्वचेच्या तळाशी तयार होऊन वर सरकत या थरात पोचायला साधारण चार आठवडे लागतात. घराची भिंत उभी राहिली तरी गिलावा व्हायचा आहे, अशी ती अवस्था. चार आठवड्यांचा हिशोब आहे तो या गिलाव्याचा.

एफयूटीमध्ये मागे एका कानापासून दुसऱ्या कानाकडे जाणारी एक लांब शिवण असते. टाके दहा ते चौदा दिवसांत काढतात. पण तीन आठवड्यांनी अशा जखमेची ताकद शाबूत त्वचेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढीच आलेली असते. कलप लावताना आणि धुताना मान वाकवणं, फणी फिरवणं, टॉवेलने खसाखसा पुसणं हे सगळं त्या शिवणीवर येतं, म्हणून तिथे सहा आठवडे.

कलपात असतं काय, आणि ते कच्च्या त्वचेत कुठे जातं

बाजारातले टिकाऊ कलप बहुतेक एकाच पद्धतीने काम करतात. अमोनिया किंवा तशाच एखाद्या क्षारधर्मी रसायनाने केसाचे खवले उघडतात. त्यातून पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचं रंगहीन रसायन केसात शिरतं. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्यावर क्रिया करतं आणि केसाच्या आत मोठा, काळा रेणू तयार होतो. तो आता खवल्यांतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून रंग धुण्याने जात नाही.

पीपीडीचा रेणू मुद्दामच लहान असतो, नाहीतर तो केसात शिरलाच नसता. पण जो केसात शिरतो तो त्वचेतही शिरतो. धडधाकट त्वचेतून थोडाफार आत जातोच. कच्च्या त्वचेतून बराच जास्त जातो. तिथे त्याची गाठ शरीराच्या संरक्षक पेशींशी पडते, आणि जखम भरत असताना त्या पेशी आधीच मोठ्या संख्येने तिथे जमलेल्या असतात. म्हणजे ॲलर्जी नव्याने सुरू व्हायला याहून वाईट वेळ नाही. आणि पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दोन आठवड्यांच्या घाईपायी आयुष्यभर कलप बंद, असा तो व्यवहार आहे.

बाकीच्या घटकांचा त्रास वेगळा आणि लगेच जाणवणारा. क्षारामुळे आणि पेरॉक्साइडमुळे नव्या त्वचेची आग होते, ती लाल होते, कधी सोलवटते, पुन्हा खपली धरते. अशी खपली खाजते, माणूस ती नखाने काढतो, आणि तिथून जंतुसंसर्गाला वाट मिळते. कलपामुळे आत बसलेलं मूळ थेट मरतं असं नाही. मुळाला धोका असतो तो या भाजण्याचा, खाजवण्याचा आणि पिकण्याचा.

आता काळ्या मेंदीबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. "अमोनिया नाही, रसायन नाही, नुसती मेंदी आहे" असं म्हणून लोक ती बिनधास्त लावतात. शुद्ध मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-नारिंगीच येतो. जी पावडर पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळेभोर करते तिच्यात बहुधा पीपीडीच असतं, आणि कधीकधी ट्यूबमधल्या क्रीमपेक्षाही जास्त. पाकिटावर पान-फुलाचं चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. "पीपीडी-मुक्त" असं लिहिलेल्या काही कलपांत त्याचंच भावंड असलेलं टोल्युईन-डायअमीन असतं. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना तेही सोसत नाही.

मग शुद्ध मेंदी चालेल का? तिच्यात पीपीडी नसतं, पण ती दोन-तीन तास डोक्यावर थापून ठेवतात, ती सुकून घट्ट पापुद्रा होते, आणि काढताना बोटांनी चोळून चोळून काढावी लागते. चाळणीसारख्या नव्या त्वचेवर हे चोळणंच नको आहे. तिच्यासाठीही तेच चार आठवडे थांबा.

आग होत नाही म्हणजे त्वचा बरी झाली, असं नव्हे

हा मुद्दा जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. ट्रान्सप्लांटमध्ये त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंनाही इजा होते, त्यामुळे पुढचा भाग आणि ग्राफ्ट काढलेली मागची जागा काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते. बोट लावलं तर जाड टोपीवरून लावल्यासारखं वाटतं. हळूहळू मुंग्या येतात, मग खाज येते, मग स्पर्श परत येतो. एरवी कलपाने आग झाली तर माणूस पाचव्या मिनिटाला धावत जाऊन डोकं धुतो. बधिर त्वचा ही सूचनाच देत नाही. अर्ध्या तासाने धुताना कळतं, तोवर त्वचा भाजलेली असते. गरम पाण्याचंही तसंच. हाताला कोमट लागेल तेच पाणी डोक्यावर घ्यायचं.

म्हणून "मला काही होत नाहीये" यावर विसंबू नका. त्वचा बघून ठरवा. मोबाइलचा फ्लॅश लावून पुढचा, माथ्याचा आणि मागचा असे तीन फोटो कुणाकडून तरी जवळून काढून घ्या. एकही खपली नसली पाहिजे, केसांच्या मुळाशी चिकटलेला पिवळा पापुद्राही नको. ओलसरपणा नको, पू असलेली पुळी नको. फिकट गुलाबी छटा, विशेषतः गोऱ्या त्वचेवर, काही महिनेसुद्धा राहू शकते; ती एकटी असेल तर अडचण नाही. पण लाली गडद असेल, तिथे हात लावला तर गरम लागत असेल किंवा घाम आला की तिथे चुरचुरत असेल, तर त्वचा तयार नाही. घाम खारट असतो, म्हणून तो फुकटात मिळणारी परीक्षाच घेतो. फक्त बधिर भागाबाबत तीही चालत नाही, तिथे फोटोच खरे.

मधुमेह ताब्यात नसेल, सिगारेट चालू असेल, किंवा कोंड्याचा, सोरायसिसचा जुना त्रास असेल, तर हे सगळं एक-दोन आठवड्यांनी मागे पडतं. अशांनी चार आठवड्यांचा आकडा विसरावा आणि सहा धरावेत.

ऑपरेशनच्या आधीचा कलप

यावर मात्र करण्यासारखं बरंच आहे आणि ते फार थोडे लोक करतात. पूर्ण पांढरे केस ग्राफ्ट म्हणून काढताना सर्जनला भिंगातूनही नीट दिसत नाहीत. मुळाचा कोन चुकतो आणि ते तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून बरेच सर्जन आधी केस रंगवून घ्यायला सांगतात. पण कधी? केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. आठवडाभर आधी कलप लावला तर ऑपरेशनच्या दिवशी मुळाशी दोन मिलिमीटरहून जास्त पांढरा भाग वर आलेला असतो. एफयूईसाठी मागचे केस एक-दोन मिलिमीटरवर कापतात. म्हणजे रंगवलेला भाग कापला जातो आणि सर्जनसमोर पुन्हा पांढरेच खुंट उरतात. त्यामुळे दोन-तीन दिवस आधी रंगवायचं, की केस कापून झाल्यावर क्लिनिकमध्येच, हे सर्जनलाच स्पष्ट विचारा. नवा ब्रँड या वेळी वापरू नका. डोक्यावर पुरळ उठलं तर ऑपरेशनच पुढे ढकलावं लागेल.

ॲलर्जीची चाचणी आणि सूज उतरवायच्या गोळ्या

पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर आधी चाचणी करण्याची सूचना छापणं भारतात बंधनकारक आहे. ती वाचणारे कमी, करणारे त्याहून कमी. वर्षानुवर्षं तोच कलप लावणाऱ्यांनाही ट्रान्सप्लांटनंतर ही चाचणी नव्याने करायला हवी, कारण ॲलर्जी कधीही सुरू होऊ शकते. कलप आणि डेव्हलपर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, पण अगदी पाव चमचा कालवा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लावा. कंपनीने जितका वेळ ठेवायला सांगितलाय तितका ठेवून पुसा, आणि ४८ तास ती जागा बघत राहा. जमल्यास तिसऱ्या दिवशीही बघा. कानामागे चाचणी करायची नेहमीची पद्धत इथे नको, कारण ग्राफ्ट बऱ्याचदा तिथवर काढलेले असतात.

यात एक खाचखळगा आहे. ऑपरेशननंतर कपाळावर सूज येऊ नये म्हणून अनेक सर्जन तीन-पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. पीपीडीची ॲलर्जी ज्या पेशींमुळे होते त्यांनाच स्टेरॉइड दाबून ठेवतं. गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्यावर चाचणी केली तर हात स्वच्छ दिसतो आणि आठवड्याने डोकं सुजतं. शेवटच्या गोळीनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मग चाचणी. ज्या जागी चाचणी करायची तिथे स्टेरॉइडचं मलमही लावलेलं नको.

एक हिशोब तारखांसकट

समजा, ठाण्यातले ४६ वर्षांचे गृहस्थ आहेत. कानशिलं आणि मागचे केस निम्मे पांढरे. १० जानेवारीला एफयूई, २,५०० ग्राफ्ट. २५ फेब्रुवारीला पुतणीचं लग्न. त्यांची पहिली कल्पना अशी की फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा कलप लावू आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा.

स्टेरॉइडच्या गोळ्या १४ जानेवारीला संपल्या. खपल्या २२ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाराव्या दिवशी, बहुतेक गेल्या. पण माथ्यावर नाण्याएवढा पट्टा राहिला, कारण तिथे दुखेल या भीतीने ते धुताना हातच लावत नव्हते. तो ३० जानेवारीला, विसाव्या दिवशी गेला. ७ फेब्रुवारीला चार आठवडे भरले. त्या दिवशीच्या फोटोत पुढचा भाग फिकट गुलाबी आणि कोरडा, पण माथ्यावरचा तो पट्टा गडद लाल, आणि लोकलमधून घामाघूम होऊन उतरल्यावर तिथे चुरचुर. म्हणजे तयारी नाही. पुढची तारीख सहा आठवड्यांची, २१ फेब्रुवारी.

१८ फेब्रुवारीला संध्याकाळी कोपराशी ठिपका. २० ला संध्याकाळी पाहिलं, २१ ला सकाळी पुन्हा, त्वचा स्वच्छ. डोक्याचे फोटोही स्वच्छ. २१ ला दुपारी कलप, लग्नाला चार दिवस हातात. हे चार दिवस मुद्दाम ठेवायचे, कारण पीपीडीची ॲलर्जी एक ते तीन दिवसांनी उमटते. आदल्या दिवशी लावला असता तर तोंड सुजायचं ते ऐन मांडवात.

आणि त्यांनी कलप लावला कुठे? फक्त कानशिलांवर आणि मागे, जिथे सहा आठवड्यांत केस दीडेक सेंटीमीटर वाढले होते. पुढच्या भागात लावायला काही नव्हतंच. लावलेले केस साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गळतात, मूळ आत राहतं आणि नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोकावतो. म्हणजे ज्या भागात त्वचा सगळ्यात नाजूक आहे, त्या भागात कलपाची गरजच नसते. हे एकदा लक्षात आलं की निम्मी घाई आपोआप सुटते. पेरलेल्या भागाच्या कडेपासून दोन बोटं अंतर ठेवून लावायचं, बस्स.

पहिला कलप लावताना

पहिल्या वेळी शक्यतो पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांत उतरणारा रंग घ्या. टिकाऊच हवा असेल तर नेहमीचाच ब्रँड, आणि डेव्हलपर सौम्य, ६ टक्क्यांचा किंवा त्याहून कमी. १२ टक्क्यांचा केस उजळवायला असतो, पांढरे झाकायला त्याची गरज नाही. त्या दिवशी सकाळी केस धुऊ नका. डोक्याचं स्वतःचं तेल थोडं राखण करतं. मिनॉक्सिडिल लावत असाल तर आदल्या रात्री आणि त्या दिवशी बंद ठेवा, कारण त्यातलं अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल काहींच्या त्वचेला आधीच चिडवून ठेवतं.

कपाळाच्या रेषेवर, कानांवर आणि पेरलेल्या भागाच्या कडेला व्हॅसलिनची जाडसर रेघ ओढा, म्हणजे कलप ओघळला तरी तिथे थांबेल. मऊ ब्रश वापरा, फणी नको. वरून प्लास्टिकची टोपी घालू नका, ऊब दिली की रसायन जोरात आत शिरतं. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. धुताना कोमट पाणी, मगने हळूहळू, बोटांची टोकं नव्हे तर तळवे फिरवत. सलूनमध्ये जात असाल तर खुर्चीत बसायच्या आधीच सांगा की डोक्याची चंपी करायची नाही आणि बेसिनच्या कडेवर मागची जागा टेकवायची नाही. सवयीने हात चालतो त्यांचा.

मिशीला लावू का, असंही विचारतात. ग्राफ्ट दाढीतून, हनुवटीखालून काढले असतील तर तीही जखमच आहे, तिला तोच नियम. नसतील तर त्वचेची अडचण नाही, पण पहिले दोन आठवडे तरी थांबा, कारण ॲलर्जी झालीच तर ती सगळ्या चेहऱ्यावर पसरते आणि ऑपरेशनची सूज कुठली, कलपाची कुठली हे कळेनासं होतं. भुवयांचं ट्रान्सप्लांट केलं असेल तर तिथे केसांचा कलप कधीच लावायचा नाही. पाकिटावर भुवया आणि पापण्यांसाठी वापरू नका, दृष्टी जाऊ शकते असं लिहिलेलं असतं ते खरं आहे.

बिघडलं तर कसं ओळखायचं

लावल्यावर काही मिनिटांतच आग होऊ लागली तर ती बहुधा जळजळ आहे, ॲलर्जी नव्हे. लगेच कोमट पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि काहीही लावू नका, खोबरेल तेल नको, कोरफड नको, हळद नको. दुसऱ्या दिवशीही लाली आणि ओल असेल तर ज्याने ट्रान्सप्लांट केलं त्या डॉक्टरांना फोटो पाठवा.

एक-दोन दिवसांनी खाज सुटली, केसांच्या कडेने, कानावर आणि मानेवर पुरळ आलं, बारीक फोड येऊन पाणी सुटलं, सकाळी उठल्यावर पापण्या सुजून डोळे उघडेनात, तर ती ॲलर्जी. ऑपरेशननंतरची सूज वेगळी असते: ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान येते, कपाळावरून खाली डोळ्यांकडे उतरते आणि तिला खाज नसते. ॲलर्जीला त्वचारोगतज्ज्ञच लागतात. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोटो-बिटो पाठवत बसू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात जा. जोराची ॲलर्जी झाल्यावर काही आठवड्यांनी केस गळू शकतात; मूळ शाबूत असेल तर ते परत येतात, पण वाट बघावी लागते.

डोक्यावर दुसरं काही झालं असेल तर

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग सुईने टोचून घेतला असेल, तर भोकं बारीक असतात. आठवडाभर थांबलं की पुरतं. बायॉप्सीसाठी चार मिलिमीटरचा तुकडा काढून टाका घातला असेल तर टाका निघून त्वचा पूर्ण मिटल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी. मेंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर जखम मोठी असते आणि खाली हाडही जोडायचं असतं; सहा ते आठ आठवडे धरा आणि न्यूरोसर्जनच्या होकाराशिवाय लावूच नका. रेडिएशनमध्ये त्वचा भाजल्यासारखी होते, ती दिसायला बरी झाल्यावरही बराच काळ नाजूक राहते, तिथे तारीख रेडिएशनच्या डॉक्टरांनीच द्यायची. केमोथेरपीत जखम नसते, पण नवे येणारे केस बारीक आणि ठिसूळ असतात, त्वचाही हळवी. त्यामुळे शेवटच्या डोसानंतर साधारण सहा महिने थांबायला सांगतात.

ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी एक टप्पा अजून उरतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस त्वचा फोडून वर येऊ लागतात, तेव्हा अनेकांना पेरलेल्या भागात बारीक पुळ्या येतात. केस वाकडा होऊन आतच अडकला की असं होतं. आणि नेमका याच वेळी पुढे कलप लावायचा मोह होतो, कारण मागून आणलेला केस मागचाच रंग घेऊन येतो. मागे पांढरे होते तर पुढेही पांढरेच उगवणार. पुळ्या असतील तोवर त्या भागाला कलप नको. गरम पाण्यात बुडवून पिळलेला मऊ कपडा हाताला कोमट लागेल इतका झाल्यावर दिवसातून दोनदा दहा मिनिटं ठेवा, फोडू नका. त्या आपोआप बसतात. पसरत असतील, दुखत असतील तर डॉक्टर अँटिबायोटिक देतील. शेवटची पुळी बसून दोन आठवडे झाले, की कोपराची चाचणी पुन्हा एकदा करून मग पुढच्या नव्या केसांना पहिल्यांदा रंग लावा.